पाकिटावर नाव नातवाचं, आतलं पत्र सुनेचं

मुक्ता_मिरज

बरेच महिने नुसती वाचतेय, आज स्वतःच धागा काढायची वेळ आली.

आमच्या घरी सासूबाई (७८), सासरे (८३), आम्ही दोघं आणि मुलगा (११). सासूबाई आणि मुलगा यांचं दिवसभर वाग्युद्ध चालू असतं. सकाळी तो उठला की "उठलात का महाराज, सूर्य बिचारा तुमची वाट बघून दमला" इथून सुरुवात. मग तो, "आजी, तुझे दात अजून वाटीत झोपलेत, आधी त्यांना उठव." त्यावर त्या, "उठवते, पण उठले की पहिल्यांदा तुझ्या पाठीला चावतील." परवा तो वाडगाभर नूडल्स घेऊन बसला होता. त्या म्हणाल्या, "गांडुळं खातोस होय रे गुलामा?" हा म्हणतो, "तू पाटावर वळायचीस त्या शेवया काय सापाची पिल्लं होती?" दोघंही आपापल्या जागी खूश. सासरे मधूनच पेपराआडून "एक-एक बरोबरी" असा निकाल देतात.

मला याचं कधी काही वाटलं नाही. झालं ते गेल्या रविवारी. सासूबाईंच्या धाकट्या बहीण आल्या होत्या. सगळे जेवायला बसलेलो. मुलाच्या शाळेच्या डब्याचा विषय निघाला. सोमवार ते शुक्रवार मी साडेसातला घर सोडते, त्यामुळे मंगळवार-गुरुवार डबा बाहेरून येतो. सासूबाई मुलाकडे बघून म्हणाल्या, "तुझं बरं आहे बाबा, पोळी कुणी लाटली तेही माहीत नसतं. आमच्या वेळी पोरांना बिचाऱ्यांना घरचंच गिळावं लागायचं."

मुलगा घास तोंडात ठेवून म्हणाला, "आजी, पाकिटावर नाव माझं, पण आतलं पत्र आईचं आहे. आणि तेही नॉटपेड. दंड कुणी भरायचा, मी का आईने?"

(सासरे टपाल खात्यात सॉर्टर होते. तिकीट कमी लावलं असेल तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायचे, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय.)

मावशींचा हात ताटात तसाच राहिला. सासरे खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतर तीन दिवस त्या त्याच्याशी नीट वागताहेत, म्हणजे "गुलामा" नाही, "महाराज" नाही, सरळ पाळण्यातलं नाव घेऊन हाक मारतात. "जेवून घे. स्वेटर घाल." एवढंच. मुलगाही बावरलाय. रात्री मला विचारत होता, "आजी सभ्य का झाली?"

मी त्याला माफी मागायला लावू का? त्याचं चुकलं का? चुकलं असेल तर नेमकं काय चुकलं, कारण दातांवरून बोललेलं त्यांना चालतं आणि हे चाललं नाही.

---

खारीबिस्किट

नॉटपेड!! 😂 मुक्ता, तुझ्या पोराला आमच्याकडून पोस्टाचं एक तिकीट बक्षीस.

आमच्याकडे आजोबा माझ्या बहिणीला म्हणायचे, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये." तिने एकदा सांगितलं, "तुमच्या तोंडात दातच नाहीत आजोबा, मोठा घास मलाच घ्यावा लागतो." आजोबांनी पुढे वर्षभर ही गोष्ट वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगितली.

---

दिंडीदरवाजा

कौतुक चालू द्या, पण मला हे रुचलं नाही. अकरा वर्षांच्या मुलाने पाहुण्यांसमोर आजीला असं बोलायचं? ही आजची फॅशन आहे. आमचे आजोबा ओटीवर बसलेले असले की आम्ही मागच्या दाराने घरात जायचो. थट्टा सोडा, त्यांच्यासमोर मोठ्याने खोकायची हिंमत नव्हती. थेट माफी मागायला लावा. लाड आहेत सगळे.

---

पाटावरवंटा

दिंडीदरवाजा, तुमचं म्हणणं तुमच्या घरापुरतं खरं असणार. पण एक विचारतो. आईचे वडील, म्हणजे आजोळचे आजोबा, त्यांच्याशीही तुम्ही असेच वागायचात का?

---

दिंडीदरवाजा

नाही. ते वेगळे होते. आम्ही त्यांच्या धोतराचा सोगा खाटेला बांधून ठेवायचो.

---

पाटावरवंटा

तेच तर. म्हणजे थट्टा तेव्हाही होती, फक्त तुमच्या ओटीवर नव्हती.

मी समाजशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या. रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साध्या मराठीत असं: काही नात्यांत एकाने दुसऱ्याची टर उडवायची मुभा असते, कधीकधी तशी अपेक्षाच असते, आणि दुसऱ्याने ते मनाला लावून घ्यायचं नसतं. हे ज्या जोड्यांत दिसतं त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आहेत. कारण सोपं आहे. आई-बापांवर मुलाला वळण लावायची जबाबदारी असते, म्हणून तिथे धाक येतो. एक पिढी ओलांडली की तो धाक उरत नाही. दोन्ही टोकं मोकळी.

आता दिंडीदरवाजांच्या ओटीवरचे आजोबा बघा. ते घरचे कर्ते होते. शेत, पैसा, कुणाची फी भरायची, कुणाचं लग्न कुठे करायचं, सगळं त्यांच्या हातात. म्हणजे वयाने आजोबा असले तरी घरातलं त्यांचं काम बापाचंच होतं. आजोळचे आजोबा नातवावर काहीच चालवत नव्हते, म्हणून त्यांचा सोगा खाटेला बांधता आला. माझ्या स्वतःच्या वडिलांचं सांगतो. बँकेचं पासबुक आणि कपाटाच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या, त्यानंतर सहा महिन्यांत माझी मुलगी त्यांना "ए आजोबा" म्हणायला लागली. त्याआधी "अहो आजोबा" होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

आजीला मात्र पहिल्यापासून "अगं" असतं. किल्ल्या कंबरेला असल्या तरी.

---

मुक्ता_मिरज

हे पटलं. आमच्याकडेही आजी "अगं" आणि आबा "अहो"च आहेत. पण मग थट्टेची मुभा आहे तर सासूबाईंना लागलं का?

---

देवगडचाहापूस

ताई, कवळी रोज रात्री काढून पाण्यात ठेवतात ते बरोबरच आहे, पण वाटीवर झाकण ठेवा. आमच्या बाबांची मांजराने पळवली होती. आणि सैल झाली असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आतून भरून घेता येते, नवीन करायची गरज नसते. बोलताना हलते म्हणून माणसं गप्प बसतात, तुमच्या सासूबाईंचं तसं तर नाही ना?

---

खारीबिस्किट

देवगड, मांजराचं पुढे काय झालं ते आधी सांगा. 😂

---

देवगडचाहापूस

गोठ्याच्या मागे मिळाली. धुवून तीच वापरली.

---

सदाफुली७४

मुक्ता, मी तुझ्या सासूबाईंच्याच पंगतीतली. मला दोन नातवंडं आहेत, दोन्ही आगाऊ. म्हणून त्यांच्या बाजूने सांगते.

दातांवरून बोललेलं आम्हाला चालतं, कारण तो विनोद आम्हीच पहिल्यांदा केलेला असतो. कवळी आली तेव्हा मीच नातीला म्हटलं होतं, "बघ, आता मी दात काढून दाखवू शकते, तू दाखव." ते दार मी उघडलं, त्यातून तिने कितीदाही यावं. गुडघे, चष्मा, भजनात झोप लागणं, सगळं चालतं. पण एकदा मी गॅसवर दूध ठेवून विसरले आणि नात म्हणाली, "आजी, साठी बुद्धी नाठी." तेव्हा मी हसले नाही. विसरण्याची मला स्वतःला भीती वाटते. ते दार बंद आहे. मुलांना हे सांगून कळत नाही, पण आपण हसलो नाही की कळतं. तिने परत तो विषय काढला नाही.

तुझ्या सासूबाईंना मात्र यातलं काही लागलेलं नाही. मुलाने त्यांना नावं ठेवली नाहीत, त्याने त्यांना पकडलं. लेकी बोले सुने लागे ही आमच्या पिढीची जुनी सोय. लेक हाताशी नसली की नातू. सुनेला सरळ "डबा बाहेरून आणतेस" म्हटलं तर भांडण होणार. नातवाला म्हटलं तर ती थट्टा. तू उत्तर दिलंस तर "अगं मी त्याला म्हटलं" म्हणायला मोकळ्या. मी हे स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते. पोराने पाकीट फोडून आतला कागद पंगतीत वाचून दाखवला, तोही धाकट्या बहिणीसमोर. तीन दिवस खूप कमी आहेत.

आणि एक विचारू? तो बोलला तेव्हा तू हसलीस का?

---

मुक्ता_मिरज

...हो. आवाज नाही केला. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी हसत होते.

---

सदाफुली७४

मग ते उत्तर त्याचं राहिलं नाही गं. तुझं झालं.

---

पाटावरवंटा

सदाफुलींनी माझी तासभराची तासिका चार ओळींत उरकली.

एवढंच जोडतो की खरी थट्टा आणि हा दुसरा प्रकार वेगळा ओळखता येतो. मुक्ताने दिलेल्याच उदाहरणांत बघा. गांडुळं, मग सापाची पिल्लं. एकाने शब्द टाकला, दुसऱ्याने तोच झेलून परत फेकला. शेवयांवरून सासूबाई उद्या पुन्हा काही बोलतील. चेंडू दोघांतच राहिला. डब्याच्या वाक्यात नातवाने झेलण्यासारखं काही नव्हतंच. पोळी तो लाटत नाही, डबा तो ठरवत नाही. त्याला उत्तर द्यायला जागा नसेल तर ते वाक्य त्याच्यासाठी नाही. आणि बोलणारीची नजर बघायची. मुलाकडे बघून बोलत असली तरी वाक्य संपताना नजर कुठे जाते?

---

मुक्ता_मिरज

माझ्याकडे. नेहमी. आता आठवलं की डब्यावरचं हे पहिलं नव्हतं. "तुझ्या आईला वेळ कुठला", "तुझे कपडे कपाटातून आपोआप बाहेर येतात वाटतं". मी सगळं थट्टेत धरत होते. बहुतेक मुलगा धरत नव्हता.

---

बुढीचीनात

आमच्या वऱ्हाडात आजीले सरळ "बुढी" म्हणतात, तोंडावर, आन् ती "काय रे मुडद्या" म्हणून ओ देते. पुण्याच्या पाहुण्यायले वाटते भांडण चालू हाय. तवा शब्दावरून काही समजत नसते. आमची बुढी रागावली का "बेटा" म्हणे. "बेटा" आयकलं का आम्ही पोट्टे पसार.

तुमच्या सासूबाई नाव घेऊन हाक मारून रायल्या न, थेच ते.

एक गंमत सांगतो. माह्या मोठ्या भावाले आजोबाचं नाव ठेवलं, आजोबा वारल्यावर. बुढी नवऱ्याचं नाव कधी घेत नव्हती, मंग नातवाले हाक कशी मारन? शेवटपर्यंत त्याले "आमचे हे" म्हणे. "आमचे हे शाळेत गेले का?" मायलाही पंचाईत, सासऱ्याचं नाव घेऊन पोराले रागवता कसं येईन? त्याचं नाव "बापू" पडलं. आज पन्नाशीचा हाय, पण आधार कार्ड सोडलं तर सगळीकडे बापूच.

---

पाटावरवंटा

हे फार छान. रॅडक्लिफ-ब्राउनच्या निबंधातही आहे, नातू आजीला आपली बायको म्हणतो आणि आजोबांना सवत असल्यासारखं चिडवतो. आपल्याकडे "आमचे हे"!

---

खारीबिस्किट

सवत नाही हो, पुरुषाला काय म्हणतात?

---

पाटावरवंटा

बरोबर पकडलंत. प्रतिस्पर्धी म्हणू. मराठीत त्याला घरगुती शब्द मला तरी माहीत नाही.

---

टोरांटोकर

तुमचं वाचून हेवा वाटला. माझा मुलगा नऊ वर्षांचा, आजी-आजोबा नाशिकला. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, तेव्हा तिकडे संध्याकाळ. आजोबा काहीतरी खोचक टाकतात, तो ऐकतो, मनात इंग्रजीत करतो, उत्तर शोधतो, परत मराठीत आणतो, तोवर आजोबा "नेट गेलं वाटतं" म्हणून फोन हलवत असतात. टोल्याला उत्तर वेळेवर आलं नाही तर त्यात काही उरत नाही.

गेल्या महिन्यात त्याने आजोबांना सांगितलं, "तू म्हातारा आहेस." त्याच्या डोक्यात ती थट्टाच होती. पण नुसतं वाक्य, पुढेमागे काही नाही, सूर नाही. आई तिकडे गप्प झाली. मी त्याला नंतर "काय म्हातारबुवा" असं म्हणायला शिकवलं. पुढच्या रविवारी त्याने म्हटलं आणि आजोबा खुर्चीवरून उठून नाचायचे बाकी राहिले. वय तेच, बातमी तीच, फक्त "बुवा" लागला.

मुक्ताताई, तुमच्या मुलाला मराठीत नॉटपेडचा विनोद करता येतो. माफी मागायला लावलीत तर तो विनोद करणं सोडेल याची मला भीती वाटते.

---

दिंडीदरवाजा

विनोद सोडू नये, पण पंगत कुणाची आहे ते बघायला शिकावं. हेच तो घरातल्या पाच जणांत बोलला असता तर मीही हसलो असतो. मावशींसमोर नको होतं. यावर माझं मत बदललेलं नाही.

---

सदाफुली७४

यात दिंडीदरवाजांचं बरोबर आहे. धाकट्या बहिणीसमोर मोठीची फजिती, हे आम्हा बायकांचं फार जुनं दुखणं असतं. पण मुलाने माफी मागायची म्हणजे नक्की कशाची? "तू आईला बोललीस हे मी सांगितलं त्याबद्दल क्षमस्व"? म्हणजे पुन्हा तेच पाकीट फोडणं. मी असते तर मुलाला यातून बाहेर काढलं असतं आणि डब्याबद्दल सासूबाईंशी आपण बोलले असते. भांडायला नाही. "आई, मंगळवार-गुरुवारचं काय करूया" एवढंच.

---

बुढीचीनात

बोलाले जासान तवा मावशी घरात नाही हे पाहून घ्या. 😄

---

मुक्ता_मिरज

अपडेट. थोडं लांब आहे.

बुधवारी रात्री सासूबाई पोथी घेऊन बसल्या होत्या. मी सदाफुलींचंच वाक्य म्हटलं, "आई, मंगळवार-गुरुवारच्या डब्याचं काय करूया?" त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, "तुमचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, म्हणून." त्या म्हणाल्या, "थालीपीठ बसून थापता येतं." दोन वर्षं त्या डब्यावरून बोलत होत्या आणि मला वाटत होतं की बाहेरून आणते याचा राग आहे. राग होताच, पण त्यांना न विचारता आणते याचा जास्त होता.

आज गुरुवार. साडेसहाला ओट्याखाली पाट, परात, ओला फडका, भाजणीचा डबा. त्यांनी थापून द्यायचं, मी तव्यावर टाकायचं. मधे बोटाने पाच भोकं. "चार पुरेत" म्हटलं तर "तुझ्या तव्यावर पुरतील" असं उत्तर आलं. हे सरळ मला होतं. तोंडावर. मला बरं वाटलं, हे विचित्र आहे का?

मुलगा दप्तर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यांनी डबा त्याच्या हातात दिला आणि बऱ्याच दिवसांनी म्हणाल्या, "घे रे गुलामा. पत्ता वाचून घे, कुणाचा आहे ते. नाहीतर परत पंगतीत फोडशील."

तो डबा उलटासुलटा करून म्हणाला, "रजिस्टर आहे का साधं?"

"रजिस्टर."

"मग सही लागेल." आणि कंपासपेटीतलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पिठाचं बोट त्याच्या गालावर टेकवलं. पेपराआडून आबा म्हणाले, "अंगठा चालतो."

मावशींचा मात्र अजून फोन नाही. सासूबाईंनी दोनदा लावला, त्या "कामात आहे" म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात काय बसलंय कळायला मार्ग नाही.

---

दिंडीदरवाजा

म्हटलं होतं ना. पाहुण्यांसमोर नको होतं.

---

खारीबिस्किट

अहो दरवाजे, असू द्या आता. मुक्ता, भाजणी घरची की विकतची? (सासूबाईंना विचारतेय, तुला नाही.)